बाटली पाऊण भरू नका, भोक बारीक करत बसू नका

"पाण्याच्या रॉकेटात पाणी हेच इंधन, म्हणून दोन लिटरची बाटली किमान पाऊण भरा. झाकणाला जितकं बारीक भोक पाडाल तितकं पाणी जोरात सुटेल आणि रॉकेट तितकं उंच जाईल. पाण्याच्या नळीवर अंगठा ठेवून बघा, लगेच पटेल."

पाण्याच्या रॉकेटाबद्दल दिला जाणारा हा सल्ला दोन्ही बाबतींत चुकतो. आधी पाऊण बाटलीचं बघू, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं. या रॉकेटात ऊर्जा पाण्यात नसते, दाबलेल्या हवेत असते. पाणी म्हणजे हवा जे मागे फेकते ते वजन. दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी घातलं तर हवेला जेमतेम अर्धा लिटर जागा उरते. पंपाने गेजवर 4 बार दाब भरला, म्हणजे बाहेरचा वातावरणाचा दाब धरून आत एकूण 5 बार झाले. ही हवा झपाट्याने प्रसरण पावते तेव्हा थंडही होते, त्यामुळे पाच पट फुगायच्या आधीच तिचा दाब बाहेरच्या हवेइतका होतो. गणिताने ती साधारण 3.15 पट फुगते. अर्धा लिटर हवा सुमारे 1.58 लिटर होते आणि तिथे तिचा जोर संपतो. म्हणजे दीड लिटरपैकी सुमारे 1.1 लिटर पाणी बाहेर पडतं आणि उरलेलं 400 मिलिलिटर रॉकेटच्या पोटात ओझं म्हणून वर जातं.

शेवटचं पाणी बाहेर पडतं तेही अगदी मरगळलेलं. रिकाम्या रॉकेटचं वजन 100 ग्रॅम धरून मी हिशेब केला, तर गुरुत्वाकर्षणाचा तोटा वजा करण्याआधीच वेग सेकंदाला 12-13 मीटरच्या पुढे जात नाही. एवढ्या वेगाने उंची आठ मीटरच्या आसपास मिळते. त्याच बाटलीत, त्याच दाबाला 600 मिलिलिटर पाणी घातलं तर पाणी संपेपर्यंत वेग सेकंदाला 40 मीटरच्या वर जातो आणि आत एकूण जवळपास 3 बारची हवा शिल्लक राहते. ती सुटताना आणखी एक धक्का देऊन जाते. पाऊण भरलेल्या बाटलीला हा धक्का मिळतच नाही.

मग बरोबर किती? अनेक जण लगेच 'एक तृतीयांश' म्हणतात. आकडा चुकीचा नाही, पण तो नियम नव्हे. 100 ग्रॅमच्या रॉकेटात 400 आणि 600 मिलिलिटर यांचा निकाल जवळजवळ सारखा येतो, कारण कमी पाण्याचा तोटा जास्त हवेने भरून निघतो. रॉकेट जड असेल, समजा टोकाला वजन लावून आणि पॅराशूट घालून ते 250 ग्रॅमचं झालं असेल, तर 400 कमी पडू लागतं आणि 600 ते 800 चा पट्टा सरस ठरतो. म्हणून आधी रिकामं रॉकेट तोलावं, पाण्याचं प्रमाण मग ठरवावं.

आता भोक. अंगठ्याचा दाखला ऐकायला पटतो, पण तो बाटलीला लागू होत नाही. नळाला जोडलेली नळी लांब असते. भरपूर पाणी वाहत असताना घर्षणाने तिच्यात बराच दाब वाया जातो. अंगठ्याने प्रवाह कमी केला की ही नासाडी घटते, नळाचा दाब तोंडापर्यंत पोचतो आणि पाणी लांब उडतं. बाटलीत अशी लांब नळी नाहीच, हवेचा सगळा दाब आधीपासून तोंडाशी हजर असतो. सुटणाऱ्या पाण्याचा वेग दाब आणि घनता ठरवतात:

v = √(2P/ρ)

यात P म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा, गेजवर दिसणारा दाब आणि ρ म्हणजे पाण्याची घनता. भोकाचा व्यास कुठेही नाही. 4 बारला हा वेग सुरुवातीला सेकंदाला सुमारे 28 मीटर असतो, बाटलीचं 22 मिलिमीटरचं तोंड पूर्ण उघडं असो की 9 मिलिमीटरचं नॉझल लावलेलं असो.

भोकाने बदलतो तो रेटा. तो साधारण दुप्पट दाब गुणिले भोकाचं क्षेत्रफळ इतका असतो. 22 मिलिमीटरला सुरुवातीला सुमारे 300 न्यूटन मिळतात आणि 600 मिलिलिटर पाणी एका सेकंदाच्या पंधराव्या भागात संपतं. 9 मिलिमीटरला 51 न्यूटन मिळतात आणि सुमारे 0.4 सेकंद लागतो. भोक 3 मिलिमीटरचं केलं तर रेटा 5.7 न्यूटनवर येतो, आणि पाण्यासकट रॉकेटचं वजन असतं जवळपास 7 न्यूटन. ते सोडताच उडणार नाही, बराच वेळ पॅडवरच कारंजं उडवत बसेल.

म्हणून मोठं तोंडच सर्वांत उत्तम, असंही मी म्हणणार नाही. मोठ्या तोंडाचं रॉकेट जमिनीलगतच पूर्ण वेग गाठतं, आणि सेकंदाला 50 मीटर वेगाला अशा बाटलीवर हवेचा अडथळा तिच्या स्वतःच्या वजनाच्या सहापट होतो. कमावलेला वेग हवा लगेच खाऊन टाकते. 9 मिलिमीटरचं रॉकेट हळू वेग घेतं, गुरुत्वाकर्षणाला सेकंदाला चारेक मीटर वेग गमावतं, पण तोवर काही मीटर वरही पोचलेलं असतं. सरळ वर जातं असं धरून केलेल्या हिशेबात दोघांचीही उंची 45 मीटरच्या आसपास निघते, फरक दोनेक मीटरचा. हवेचा अडथळा किती धरला यावर हा फरक कोणाच्याही बाजूने झुकू शकतो.

खरा फरक पडतो तो वाऱ्यात. रॉकेटला सरळ ठेवणारे मागचे पंख, म्हणजे फिन, वेगाशिवाय काम करत नाहीत. एक मीटरच्या मार्गदर्शक दांडीवरून सुटताना 9 मिलिमीटरच्या रॉकेटचा वेग सेकंदाला 11 मीटर असतो, 5 मिलिमीटरच्या रॉकेटचा फक्त 5. सेकंदाला 3 मीटरचा वारा असेल तर पहिल्यावर हवा सुमारे 15 अंश तिरकी येते, दुसऱ्यावर 31 अंश. दुसरं दांडी सोडताच वारा जिकडून येतो तिकडे वळतं आणि पुढे आडवंच धावतं. बारीक भोकाचं रॉकेट वाकडं गेलं की फिन नीट चिकटले नव्हते असं बोललं जातं, तेव्हा आधी हे तपासा.

झाकणाला ड्रिलने पाडलेल्या भोकाबद्दल आणखी एक. कड धारदार असेल तर पाण्याची धार भोकापेक्षा बारीक होते आणि प्रवाह अपेक्षेच्या सुमारे 60 टक्केच राहतो. म्हणजे 9 मिलिमीटरचं भोक 7 मिलिमीटरसारखं वागतं. आतली कड कानसीने गोल करा, मगच दोन व्यासांची तुलना करा.

स्वतः पडताळायचं असेल तर बाटली फक्त सोड्याची घ्या, कारण ती दाबासाठी बनवलेली असते. ओरखडा किंवा घडी दिसली तर ती टाकून द्या. दाब गेजवर वाचा आणि रॉकेट दूर उभं राहून दोरीने सोडा. पाणी काट्यावर तोलून घाला, एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक मापाची उड्डाणं अनेकदा करा. 50 मीटरवरून कोनमापकाने उंची मोजताना दोन अंशांची चूक झाली की उत्तर तीन-साडेतीन मीटरने सरकतं. 400 आणि 600 मिलिलिटरमधला फरक या चुकीत बुडून जाईल. 600 आणि 1500 मधला नाही.