चारने भागा, दहा टक्के वाढवा: या हिशेबात एक खोलीसुद्धा पुरी होत नाही

«टाइलवाल्याकडून फसू नका! घराचा हाताने काढलेला नकाशा असेल तर त्याचा फोटोसुद्धा पुरतो. फोटोवर पट्टी लावून मापं काढा, लांबी गुणिले रुंदी करा, 2×2 च्या टाइलसाठी चारने भागा आणि कटिंगसाठी 10 टक्के वाढवा. झालं! यापेक्षा जास्त सांगणारा दुकानदार माल खपवतोय. सर्वांना पाठवा.»

मी टाइलच्या दुकानात काउंटरला बसतो, त्यामुळे या फॉरवर्डमधला शेवटचा टोला मलाच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी फोटो.

हाताने काढलेल्या नकाशावर पट्टी लावण्यात काही अर्थ नाही. वहीच्या पानावर घर काढताना माणूस हॉल ऐसपैस काढतो आणि उरलेल्या जागेत बेडरूम कोंबतो, त्यामुळे कागदावर दोन इंच दिसणाऱ्या दोन भिंती प्रत्यक्षात सारख्या असतीलच असं नाही. वर फोटो तिरका काढलेला असतो. मोबाइलच्या जवळची कड लांब दिसते, लांबची आखूड. अशा फोटोतून घ्यायचे ते लिहिलेले आकडे, आणि तेही पारखून. सगळ्यात जास्त गोंधळ इंचांचा होतो. दहा फूट सहा इंच कोणी 10.6 असं लिहितो आणि पुढचा माणूस ते तसंच कॅल्क्युलेटरमध्ये घालतो. खरं माप साडेदहा, म्हणजे 10.5. इथे फरक थोडा पडला. पण दहा फूट दहा इंचाचं 10.10 झालं की कॅल्क्युलेटर त्याला 10.1 समजतो आणि पावणेनऊ इंच खोली गायब होते. बारा फूट लांब खोलीत हे जवळपास नऊ चौरस फूट झाले, दोन टाइलहून जास्त. म्हणून फोटो आला की मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो: टिंबानंतरचा आकडा इंच आहे की दशांश?

दुसरी पारख बेरजेची. एका ओळीत दोन खोल्या असतील तर दोन्हींची लांबी आणि मधल्या भिंतीची जाडी मिळून पलीकडच्या लांब हॉलच्या मापाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर कुठेतरी 3 चा 8 झालाय किंवा माप गिलाव्याच्या आधीचं आहे. मग टेप लावायलाच सांगतो, आणि लांबी-रुंदीसोबत दोन्ही कर्णही मागतो. कर्ण सारखे नसले तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मग भिंतीलगतची पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होणार, आणि हिशेब रुंद टोकाच्या मापाने धरावा लागणार.

आता चारचा आकडा. आपण ‘दोन बाय दोन’ म्हणतो, पण बॉक्सवर 600×600 मिमी छापलेलं असतं. 600 मिमी म्हणजे दोन फुटाला जरा कमीच. एका टाइलचं क्षेत्रफळ 3.875 चौरस फूट भरतं आणि चार टाइलच्या बॉक्सचं साडेपंधरा. एका खोलीत ही एका टाइलची चूक. हजार चौरस फुटांत मात्र चारने भागून 250 येतात आणि लागतात 258 हून जास्त, तेही कटिंग न धरता.

पण मुख्य भानगड दहा टक्क्यांची आहे. कटिंगमध्ये किती वाया जाईल हे टक्के सांगत नाहीत. खोलीचं माप टाइलच्या मापाने भागल्यावर बाकी किती उरते आणि मिस्त्री पहिली टाइल कुठे ठेवतो, यावर ते ठरतं. गेल्या महिन्यात आलेल्या एका फोटोतली बेडरूम घेऊ: 10 फूट 6 इंच बाय 12 फूट 3 इंच. मिलिमीटरमध्ये 3200 बाय 3734, क्षेत्रफळ सुमारे 128.6 चौरस फूट. फॉरवर्डच्या हिशेबाने 32.2, दहा टक्के धरून 35.4, म्हणजे 36 टाइल. बरोब्बर नऊ बॉक्स.

आता चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक टाइल, आणि दोन टाइलमध्ये 2 मिमीचा सांधा धरा. पहिली पद्धत अशी की एका कोपऱ्यात अखंड टाइल ठेवून सुरुवात करायची. रुंदीत पाच अखंड बसतात आणि 190 मिमीची पट्टी उरते. लांबीत सहा बसतात आणि 122 मिमीची पट्टी उरते. अखंड टाइल झाल्या तीस. 190 च्या सहा पट्ट्या लागतात. एका टाइलमधून कागदावर तीन निघतात, पण मधल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी कटरची कड येते आणि ती सांध्यात डोळ्यांना खुपते. कंपनीची कड हवी असेल तर एका टाइलमधून दोनच पट्ट्या धरायच्या. म्हणजे तीन टाइल. 122 च्या पाच पट्ट्यांनाही त्याच न्यायाने तीन, आणि कोपऱ्याचा तुकडा उरलेल्यातून. एकूण 36. बघा, फॉरवर्ड जिंकला असं वाटेल.

पण 122 मिमीची, जेमतेम पाच इंचांची पट्टी भिंतीलगत कोणाला आवडत नाही. ती दारासमोर आली तर घरात शिरताक्षणी दिसते. म्हणून बरेच मिस्त्री मधून काढतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे तुकडे ठेवतात. तसं केलं की रुंदीत चार अखंड आणि दोन्हीकडे 395 चे तुकडे येतात, लांबीत पाच अखंड आणि दोन्हीकडे 361 चे. दिसायला झकास. पण 395 कापल्यावर उरतात 205, आणि त्यातून दुसरा 395 निघत नाही. 361 कापून उरलेल्या 239 चंही तेच. म्हणजे कडेच्या प्रत्येक चौकटीला नवी टाइल, सहा गुणिले सात, 42. खोली तीच, टाइल तीच, मिस्त्रीने सुरुवात फक्त वेगळ्या जागी केली आणि सहा टाइल वाढल्या. टक्केच हवे असतील तर हे साडेसव्वीस टक्के झाले.

तिसरी पद्धत मला आमच्या एका जुन्या मिस्त्रीने पाठकोऱ्या बिलावर काढून दाखवली. लांबीत मधून काढायचं आणि रुंदीत एका भिंतीपासून अखंड निघायचं. लांबीच्या दोन्ही टोकांना 361 चे तुकडे येतात, एकूण दहा, त्यांना दहा टाइल. प्रत्येकीतून 239 मिमी उरतं, आणि रुंदीतली पट्टी हवी आहे 190 ची! उरलेल्या दहा तुकड्यांतून पाच लांब पट्ट्या आणि दोन कोपरे निघतात, सगळे कंपनीची कड सांध्याकडे ठेवून. अखंड पंचवीस आणि या दहा मिळून 35. अरुंद पट्टी कपाटाखाली जाते आणि दारातून बघणाऱ्याला फरशी दोन्ही टोकांना सारखी दिसते. ‘वेस्टेज’ म्हणतात त्यातलं बरंचसं असं दुसऱ्या बाजूला वापरता येतं. मात्र ते फरशी लावायच्या आधी कागदावर बघावं लागतं.

फॉरवर्डमध्ये ज्याचं नावच नाही ते स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी. या खोलीचा घेर 13.87 मीटर, दाराचे 90 सेंटिमीटर वजा केले तर जवळपास 13. टाइलच्याच चार इंची पट्ट्या लावायच्या तर 600 लांबीच्या 22 पट्ट्या लागतात. कटरचं पातं काही मिलिमीटर खातं, म्हणून एका टाइलमधून पाचच धरतो. मधून काढलेल्या फरशीत 205 आणि 239 चे अठरा तुकडे पडलेले असतात, प्रत्येकातून दोन, म्हणजे 36 पट्ट्या, वरची कड जरा घासून घेतली की काम झालं. म्हणजे स्कर्टिंग फुकटात. कोपऱ्यापासून काढलेल्या फरशीत उरलेल्यातून पंधराएक पट्ट्या निघतात, बाकीसाठी आणखी दोन टाइल. तिसऱ्या पद्धतीत लांब तुकडे तीनच उरतात, म्हणून चार टाइल वाढतात. स्कर्टिंगसकट हिशेब मग 38, 42 आणि 39 असा येतो. नऊ बॉक्सांत यातली एकही पद्धत पुरी होत नाही. अन् यात फुटलेली एकही टाइल धरलेली नाही!

उलटही घडतं. खोली 3620 बाय 3020 मिमीची निघाली तर सहा आणि पाचच्या ओळी अखंड बसतात, कडेची पाच-सहा मिलिमीटरची फट स्कर्टिंगखाली जाते आणि फरशीला 30 टाइल पुरतात. फॉरवर्ड तिथे 33 सांगेल. दहा टक्क्यांचा ठोकताळा मोठ्या मोकळ्या हॉलला किंवा सगळ्या घराच्या एकत्र हिशेबाला साधारण जवळ जातो, कारण तिथे कडेच्या टाइलचं प्रमाण कमी असतं आणि एका खोलीचे तुकडे दुसरीत खपतात. लहान खोलीत आणि मोठ्या टाइलमध्ये तो फसतो. एकच टाइल हॉलमधून दारातून बेडरूममध्ये सलग न्यायची असेल तर बेडरूमची सुरुवात हॉलची सांध्याची ओळ ठरवते, मग दोन्ही खोल्या एकाच कागदावर काढाव्या लागतात.

राहता राहिला माल खपवण्याचा आरोप. काही दुकानदार डोळे झाकून पंधरा टक्के लावतात हे खरं आहे, मी पाहिलंय. त्यावर उपाय म्हणजे टक्क्यांची घासाघीस न करता चौकटीचा कागद मागणं: कुठून सुरुवात, किती अखंड, कोणता तुकडा कुठल्या टाइलमधून. वरच्या खोलीला मी अकरा बॉक्स सांगितले होते. तिसऱ्या पद्धतीने 39 लागणार होत्या, आणि दहा बॉक्स घेतले असते तर हाताशी एकच टाइल उरली असती. गिऱ्हाइकाने दहाच नेले. कापताना दोन फुटल्या. एक टाइल कमी पडली तेव्हा आमच्याकडे त्या बॅचचा माल संपला होता, नव्या बॅचचा रंग किंचित पिवळट होता. ती टाइल शेवटी पलंगाखाली गेली.

म्हणून बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड सगळ्या बॉक्सांवर एकच आहे ना ते गाडीत चढवण्याआधी बघा, आणि न फोडलेले बॉक्स किती दिवसांत परत घेणार हे बिलावर लिहून घ्या. फोडलेला बॉक्स आम्हीसुद्धा परत घेत नाही.