उलटी झाली म्हणून पाणी बंद? पोर सुकवायचंय का?

"ताप-उलट्या असतील तर सहा तास पोटात थेंबभर पाणी जाऊ देऊ नका, पोटाला आराम द्या. मग दिवसाला चार लिटर पाणी आणि ग्लुकोज पावडर पाजा, व्हायरस लघवीतून निघून जातो. सलाईन लावली की दोन तासांत ठणठणीत."

हा मेसेज पलूसला माझ्या बहिणीकडे पोचला आणि तिनं अडीच वर्षांच्या पोराचं पाणी सकाळपासून तोडलं. उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि हे शहाणे सांगतात भरपाईच करू नका! यातलं खरं एवढंच, की उलटी झाल्याझाल्या पेलाभर पाजलं तर तेही बाहेर येतं. म्हणून दहा मिनिटं थांबायचं. सहा तास नाही, दहा मिनिटं.

मग ओआरएस, तेही चमच्यानं. दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली. तासाला दीडशे मिली होतात, आणि पोटाला कळतही नाही. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. पोटात टिकायला लागलं की प्रमाण वाढवायचं. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 100 ते 200 मिली, त्याहून लहान असेल तर 50 ते 100. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट पेल्यात कालवणं घातक, कारण मीठ जास्त होतं. कालवलेलं 24 तासांनी ओतून द्या.

ग्लुकोज पावडरीत मीठ जवळजवळ नसतंच, आणि जास्त साखरेनं जुलाब वाढतात. तापात पाणी थोडं जास्त लागतं, हे कबूल. पण व्हायरस काही लघवीतून धुऊन जात नाही. आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना चार लिटर पाजाल, तर दम लागून त्यांनाच मिरजेला न्यावं लागेल. त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

सलाईनचं म्हणाल, तर 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून पाजायला लावलं आणि मृत्युदर 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आला. पिता येत असेल तर तोंडानंच भागतं.

मात्र प्यायलेलं काहीच टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी नसेल, डोळे खोल गेले असतील, पोर मलूल पडलं असेल, पोटावरची कातडी चिमटून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, उलटी हिरवी किंवा शौचात रक्त असेल, तर चमचा ठेवा आणि दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी लगेच. आणि डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, तेव्हाच खरा धोका असतो. त्या वेळी जोरात पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.