उद्वाहन, रोप आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी

आज सकाळी सोसायटीच्या सूचनाफलकावरील माझ्या सूचनेत कोणीतरी ‘लिफ्ट’ या शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढला आणि शेजारी ‘उद्वाहन!’ असे लिहून ठेवले. खाली सही नाही. मुलुंडच्या आमच्या सात मजली इमारतीची सचिव या नात्याने गेली चार वर्षे मी समितीच्या व्हॉट्सॲप गटावरील मराठी-इंग्रजी सरमिसळीतून लेखी सूचना तयार करते आहे, त्यामुळे तो गोल मला चांगलाच झोंबला.

कारण पहिल्या वर्षी ‘उद्वाहन’ मीच लिहिले होते. ‘उद्वाहन दुरुस्तीसाठी बंद राहील’ अशी ती सूचना होती आणि मला तिचा अभिमानही वाटला होता. त्या दुपारी सहाव्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन तळमजल्यावर उभ्या दिसल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोनच महिने झालेले. सूचना वाचली नव्हती का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “वाचली होती गं, पण मला वाटलं गाड्यांचं काहीतरी असेल. आमच्याकडे कुठे वाहन आहे?” वॉचमनने दिलेल्या खुर्चीवर त्या तीन तास बसून होत्या.

आता काल रात्री गटावर आलेला संदेश पाहा: ‘बुधवारी लिफ्ट टूचं रोप रिप्लेसमेंट आणि एआरडी चेकिंग आहे, सो ११ टू ५ शटडाऊन. मेंटेनन्स पेंडिंग असेल त्यांनी प्लीज क्लिअर करा.’ यातला ‘लिफ्ट’ राहणारच, कारण वॉचमनपासून मेकॅनिकपर्यंत सगळे तोच शब्द बोलतात. ‘शटडाऊन’ मात्र ‘बंद’ या दोन अक्षरांत मावतो, त्याला ठेवायचे कारण नाही. ‘रोप’ हा शब्द मेकॅनिकच्या तोंडी शोभतो, पण देवनागरीत छापला की ते तुळशीचे रोप होते. ‘लिफ्टचे रोप बदलणार’ हे वाचून आजी कुंडी शोधतील. म्हणून ‘लिफ्टचे पोलादी दोर’. याउलट ‘एआरडी’ मी ठेवला, कारण यंत्रावर तेच नाव आहे आणि तक्रार करतानाही तेच सांगावे लागते. फक्त पहिल्या उल्लेखाला ‘वीज गेल्यास लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा’ असे जोडले. शब्दाला शब्द शोधत बसण्यापेक्षा काम सांगणे बरे.

खरी फसगत ‘मेंटेनन्स’मध्ये आहे. गटावर लिफ्टचे मेंटेनन्स होते आणि मेंटेनन्स भरायचेही असते. पहिले म्हणजे देखभाल-दुरुस्ती, दुसरे म्हणजे दरमहा द्यायचे शुल्क. दोन्ही ठिकाणी एकच शब्द ठेवला, तर लिफ्टच्या कामासाठी वेगळे पैसे मागितले, असा अर्थ निघतो आणि मग पुढचे आठ दिवस माझा फोन वाजत राहतो. त्यामुळे त्या संदेशातील शेवटचे वाक्य मी सूचनेतून काढलेच. थकबाकीची सूचना वेगळ्या कागदावर लागेल.

सभेच्या कागदपत्रांत मात्र मी कोणाचेही ऐकत नाही. रिझोल्यूशनला ठराव, मिनिट्सना इतिवृत्त, कोरमला गणपूर्ती. हे शब्द उपविधींत आहेत आणि उद्या वाद झाला तर तेच वाचले जाणार आहेत. ‘१४ क्लिअर डेज’ची सूचना म्हणजे नोटीस निघाल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मधले पूर्ण १४ दिवस, गटावर कोणी ‘दोन आठवडे आधी टाका’ म्हणाले, तरी मला मोजावे लागतात ते हेच दिवस.

लाल पेनवाल्यांचे एक खरे आहे. वापरलेच नाहीत, तर मराठी शब्द रुळणार कसे? ‘महापौर’ हा शब्दही कधीकाळी नवा होता आणि ‘उद्वाहन’ सरकारी कागदांत आजही आहे. मान्य. पण शब्द रुळवण्याची जागा सहाव्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे नव्हेत. आणि ज्यांना मराठीची इतकी काळजी आहे, त्यांना त्याच फलकावर सहा महिने लटकणारे ‘ड्यूज क्लिअर करावेत’ कसे दिसले नाही?

असो, आवाज चढला. कदाचित ते गृहस्थ एखादे निवृत्त शिक्षक असतील आणि त्यांनाही माझ्यासारखेच शब्दांचे वाईट वाटत असेल. त्यांनी सही केली असती, तर चहाला बोलावले असते. ‘ड्यूज’चा कागद मी माझ्यापुरता दुपारीच उतरवला.

नवी सूचना अशी लावली: ‘बुधवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत लिफ्ट क्रमांक २ बंद राहील. लिफ्टचे पोलादी दोर बदलण्यात येणार आहेत आणि एआरडी, म्हणजे वीज गेल्यास लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा, तपासण्यात येणार आहे. या वेळेत लिफ्ट क्रमांक १ चालू राहील.’ फलकावर ‘बुधवारी’च्या शेजारी तारीखही अर्थातच घातली, कारण गटावरचा ‘बुधवार’ फलकावर पुढच्या बुधवारीही लटकत असतो. संध्याकाळी आजींनी जिन्यावरून हाक मारली: “अगं, एक नंबरची चालू आहे ना? मग मी भाजीला बुधवारीच जाते.”