‘व्यवस्था करण्यात यावी’, पण कोणी?

काल संध्याकाळी मुलीच्या दप्तरातून शाळेचे परिपत्रक निघाले आणि त्यातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी माझे डोके फिरले. ‘परतीनंतर विद्यार्थ्यांना नेण्याची व्यवस्था नेहमीप्रमाणे करण्यात यावी.’ गेल्या वर्षीच्या सहलीच्या परिपत्रकातही हेच वाक्य होते, अगदी शब्दशः.

गेल्या वर्षी आम्ही ते वाचले आणि निर्धास्त झालो. मुलगी रोज शाळेच्या बसने घरी येते, म्हणजे ‘नेहमीप्रमाणे’चा अर्थ बस, असे आम्ही धरून चाललो. शाळेच्या मनात मात्र ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे ‘दर सहलीला पालक घेऊन जातात तसे’ असे होते. साडेपाचला सहल परतली आणि सव्वासहाला मी धावतपळत फाटकावर पोहोचलो, तेव्हा ती रिकामी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून रखवालदाराच्या खुर्चीशेजारी उभी होती. रडत नव्हती. ‘बाबा, मला वाटलं आज बस मला विसरली,’ एवढेच म्हणाली.

तेव्हा आज सकाळी हातात पेन्सिल घेतली आणि ते परिपत्रक नव्याने लिहायला बसलो. आधी एकच काम केले. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘कोण?’ आणि ‘केव्हा?’ रेघा सात निघाल्या. त्यांपैकी चार ठिकाणी ‘कोण’ला उत्तरच नव्हते. ‘जमा करण्यात यावे’, ‘कळविण्यात येईल’, ‘दक्षता घेण्यात यावी’, आणि ती ‘व्यवस्था करण्यात यावी’. आपल्या सरकारी वळणाच्या मराठीतल्या या रचनेत कर्ता अलगद गळून पडतो आणि वाक्य तरीही भारदस्त दिसते. ‘पालकांनी न्यावे’ किंवा ‘शाळेची बस सोडेल’ असे लिहायला घेतले की कर्ता लिहावाच लागतो, तिथे लपायला जागा राहत नाही.

‘केव्हा’ची कथा तर आणखी निराळी. सहल ‘येत्या शुक्रवारी’. परिपत्रकावरची तारीख गुरुवार, 8 जानेवारीची, म्हणजे त्या दिवशी वाचणाऱ्याला येता शुक्रवार हा दुसराच दिवस. कागद आमच्या घरी पोहोचला शुक्रवारी 9 तारखेला संध्याकाळी, तेव्हा येता शुक्रवार 16 तारखेचा झाला. वाचणाऱ्याने कागद कधी उघडला यावर ज्याची तारीख बदलते, त्या शब्दाला परिपत्रकात जागाच असू नये. तीच गत ‘सहलीच्या दोन दिवस अगोदर’ची. ते 14 की मध्ये दोन पूर्ण दिवस सोडून 13, यावर वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेदहापर्यंत चर्चा चालली होती. आणि ‘शुल्क तत्पूर्वी भरावे’ म्हणजे सहलीपूर्वी की संमतिपत्रापूर्वी, हे विचारायचे धाडस कोणीच केले नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहावीत, कारण एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती पकडता येते. ‘पर्यंत’ लिहायचे तर त्यापुढे वेळही लिहावी, म्हणजे तो दिवस धरायचा की नाही हा प्रश्न उरत नाही.

मला वाटले होते की हे तासाभराचे भाषेचे काम आहे. तसे ते नव्हते. ‘नेण्याची व्यवस्था’ या वाक्यात कर्ता घालायला गेलो तेव्हा कळले की तो मला ठाऊक नाही, म्हणून वर्गशिक्षिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ते बसचे काम पाहणारे सर सांगतील. सर म्हणाले, ते वर्गशिक्षिका बघतात. म्हणजे कर्ता लपवलेला नव्हता, तो ठरलेलाच नव्हता! गेल्या वर्षी पाऊण तास माझी मुलगी ज्या फाटकाशी उभी होती, तिथे तिच्याजवळ थांबण्याची जबाबदारी खरोखरच कोणाचीही नव्हती, आणि त्या वाक्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

ग्रुपवर एका पालकांनी लिहिले, ‘थोडं डोकं वापरलं तर सगळं कळतं.’ नाही कळत, साहेब. डोके वापरूनच आम्ही बसची वाट पाहत घरी बसलो होतो. हो, काही पालक कसेही लिहिले तरी वाचत नाहीत, हे मान्य. पण जे वाचतात त्यांचे काय?

बाईंवर मात्र माझा राग फार वेळ टिकला नाही. दुपारी त्यांचाच परत फोन आला. घरचे आवरून रात्री अकराला त्यांनी गेल्या वर्षीची फाइल उघडली होती आणि फक्त वरची तारीख बदलली होती. ते वाक्य त्यांचेही नव्हते, त्यांच्याआधीच्या बाईंकडून आलेले होते. आम्ही दोघांनी फोनवरच एकेक गोष्ट ठरवून घेतली. बसचालकाला मुलांची संख्या बुधवारी सकाळी लागते, म्हणजे बुधवारी दुपारी आलेले संमतिपत्र निरुपयोगीच, हेही तेव्हाच निघाले. मग मसुदा असा झाला :

शैक्षणिक सहल : शुक्रवार, 16 जानेवारी (इयत्ता पाचवी)

पालकांनी भरलेले संमतिपत्र व शुल्क मंगळवार, 13 जानेवारी रोजी दुपारी 1 वाजेपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्यावे. त्यानंतर आलेली संमतिपत्रे घेता येणार नाहीत. सहलीला न येणाऱ्या मुलांची शाळा त्या दिवशी नेहमीच्या वेळेत भरेल.

शुक्रवारी शाळेची बस सहलीच्या मुलांना घरून आणणार नाही व घरी सोडणार नाही. पालकांनी पाल्याला सकाळी 7.30 वाजता फाटकावर सोडावे व संध्याकाळी 5.30 वाजता तिथूनच न्यावे.

शेवटचे मूल पालकांच्या हाती सोपवेपर्यंत वर्गशिक्षिका फाटकाच्या आत मुलांसोबत थांबतील.

हा कागद मी आईच्या हाती दिला. तिला सहलीबद्दल काहीच माहीत नव्हते, आणि हे वाचायला तसेच माणूस हवे होते. समजले का, असे मी विचारले नाही, कारण त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. कागद काय द्यायचा, कधी, कोणाकडे, आणि पोरीला आणायला कोणी जायचे, हे विचारले. चारही उत्तरे तिने कागदावर बोट ठेवून दिली. मग चष्मा काढत म्हणाली, ‘आणि सहलीची गाडी वाटेत अडकली तर फाटकावरच्या आईबापांना कोण सांगणार?’ हे मला सुचले नव्हते, बाईंनाही नाही. म्हणून आणखी एक ओळ आली : ‘परतायला उशीर होणार असल्यास वर्गशिक्षिका संध्याकाळी 5 वाजण्यापूर्वी वर्गाच्या ग्रुपवर नवी वेळ कळवतील.’

हे लिहीत असतानाच बाईंचा निरोप आला. मुख्याध्यापकांनी मसुदा मंजूर केला आहे, सोमवारी कागद मुलांच्या हाती पडतील. फक्त परिपत्रकाला शोभेल अशी सुरुवात हवी म्हणून त्यांनी वर एक ओळ घातली आहे, ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’. घालू देत. ‘फाटकाच्या आत थांबतील’ ही ओळ तशीच आहे ना, एवढे मी बाईंना विचारले. आहे म्हणाल्या.