सहा आकडे, दोन वाक्यं

एका संस्थेच्या अहवालाचा मजकूर तपासायला आला होता. त्यातला परिच्छेद असा: '२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरता दर ८२.३४ टक्के असून पुरुषांमध्ये तो ८८.३८ व स्त्रियांमध्ये ७५.८७ टक्के आहे. २००१ मध्ये हेच दर अनुक्रमे ७६.८८, ८५.९७ व ६७.०३ टक्के होते.'

सगळं बरोबर, पण 'अनुक्रमे' आलं की वाचणारा बोट ठेवून मागे-पुढे करत बसतो. (माझं चाललं तर या शब्दावर दंड लावीन.) म्हणून मी म्हटलं, सोपं करा. सोपं होऊन आलं ते असं: 'स्त्रियांची साक्षरता ८.८४ टक्क्यांनी वाढली. आज राज्यातले ८२ टक्के लोक साक्षर आहेत.'

वाचायला छान, पण यात तीन चुका आहेत. ६७.०३ चे ७५.८७ झाले म्हणजे दरात ८.८४ अंकांची भर पडली. टक्क्यांत मोजाल तर ही वाढ १३ च्या वर जाते, कारण ती ६७.०३ वर मोजायची. दुसरं, जनगणना साक्षरतेचा दर काढताना सात वर्षांखालची मुलं धरतच नाही, म्हणून नुसतं 'लोक' म्हणून चालत नाही. आणि तिसरं, २०११ म्हणजे 'आज' नव्हे.

पहिल्या चुकीवर आपल्याकडे जुना उतारा आहे: शेकडा. 'शंभरात ६७ होत्या, ७६ झाल्या' असं लिहिलं की टक्के की अंक हा घोळ उरतच नाही. मला आधी 'तिघींत दोघी' आणि 'चौघींत तिघी' लिहायचा मोह झाला होता. आकडे जवळपास जुळतात, पण त्या दोन अपूर्णांकांची तुलना वाचणाऱ्यानं मनात कशी करायची? शंभरच बरे.

मग स्त्री-पुरुषांमधलं अंतर. इथे मीच फसणार होतो. आधी पूर्णांक केले तर ८८ उणे ७६, म्हणजे १२. मूळ आकड्यांची वजाबाकी मात्र १२.५१ येते. म्हणून आधी वजाबाकी, मग पूर्णांक. आणि १२.५१ साठी तर आपल्याकडे 'साडेबारा' हा तयार शब्दच आहे. २००१ चं अंतर १८.९४, म्हणजे जवळपास १९.

शेवटी छापायला गेलं ते हे:

'महाराष्ट्रात सात वर्षं व त्यापुढच्या वयाच्या शंभर स्त्रियांपैकी २००१ मध्ये ६७ साक्षर होत्या, २०११ मध्ये ७६. पुरुष त्यांच्या पुढेच होते, पण शंभरामागे जवळपास १९ चं अंतर या दहा वर्षांत साडेबारावर आलं.'

पुरुषांचे दर मुद्दाम गाळले. ८८ छापलं असतं तर कुणीतरी त्यातून ७६ वजा करून 'साडेबारा कुठून आले?' म्हणून फोन केला असता. एकूण दरही वाक्यात नाही, कारण सांगायची गोष्ट अंतराची होती. सहाही आकडे दशांशासकट खाली तक्त्यात आहेत.