मीठ कधी घातलंस?

स्वयंपाकात ज्याच्यावर कुणाचाच भरवसा नसतो, त्याला रायतं करायला देतात. आमच्या घरी तो मान माझा. ‘त्यात काय, काकडी नि दही’ असं म्हणून बायको गॅसकडे वळते आणि मी त्या दोन पदार्थांच्या मधोमध उभा राहतो. भाजी तिखट झाली तर लोक पाणी पितात आणि विसरतात. रायतं पातळ झालं की त्याचा ओहोळ ताटातून निघतो, पोळीच्या कडा भिजवतो, थेट गोडापर्यंत पोचतो आणि मग सगळी पंगत माझ्याकडे बघते.

काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं. ते तिने आत धरून ठेवलेलं असतं आणि मीठ लागलं की ती ते सोडून देते. लगेच नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. मीठ घालून ढवळलेलं रायतं पहिली पाच मिनिटं इतकं देखणं दिसतं की माणूस गाफील राहतो. वीस मिनिटांनी भांड्याच्या कडेने तळं दिसायला लागतं. म्हणून मिठाला दोनच मुहूर्त: एकतर दह्याशी गाठ पडण्याच्या बऱ्याच आधी, नाहीतर पानं वाढल्यावर अगदी शेवटी. मधली वेळ अशुभ. घरातले लोक नेमके मधल्या वेळेतच ‘आलोच’ म्हणतात.

त्यामुळे मी आधीचा मुहूर्त धरतो. दोन मध्यम काकड्या सोलायच्या, उभ्या चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढायचा. सगळ्यात ओला भाग तोच. मग किसायच्या. (बारीक चिरल्या तर पाणी कमी सुटतं; पण आमच्याकडे किसलेलीच लागते आणि माझं मत विचारलेलं नाही.) किसाला अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवायचा आणि मग मुठीमुठीने पिळायचा. अर्धी वाटी तरी पाणी निघतं. आधी वरवर बघून वाटतं, झालं. दुसऱ्यांदा पिळलं की पुन्हा धार लागते. मूठ आवळून थेंब पडेनासा झाला की थांबायचं. ते खारट पाणी कणीक भिजवायला जातं, फक्त तिथे वेगळं मीठ घालायचं नाही, हे कणीक मळणाऱ्याला सांगावं लागतं. ओरडून.

आता दही. घट्ट दिसतं ते घट्ट असतंच असं नाही. चमच्याने एक खळगा करून दहा मिनिटं थांबावं. खळग्यात पाणी साचलं तर तेच पाणी पुढे रायत्यात येणार आणि आळ काकडीवर जाणार. मी दोन वाट्या दही फडक्यात बांधून पाऊण तास टांगतो. रात्रभर टांगलं तर चक्का होतो आणि त्यात काकडी घातली की रायतं चमच्याला सोडत नाही. टांगलेलं दही रवीने घुसळायचं नाही, मिक्सर तर नावही काढू नये. घुसळलं की ते सैल पडतं. काट्याने चारदा फिरवलं की पुरे.

मग दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये. हे वेगळं ठेवणं म्हणजेच माझी सगळी विद्या. माणसं एकची दोनला आली तरी आपलं काही बिघडत नाही. पानं घेताना एकत्र करायचं, कोथिंबीर, जिरेपूड, चिमूटभर साखर. साखरही पाणी ओढते, म्हणून तीसुद्धा शेवटीच. मिठाला हात लावण्याआधी चव बघायची, कारण काकडीत आधीचं उरलेलं असतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. एवढं करूनही रात्रीपर्यंत थोडं पाणी सुटतंच. उरलेलं संध्याकाळी ताकात ढकलावं, वाद घालू नये.

हे सगळं शास्त्र एका माणसापुढे लटकं पडतं: मामा. ते आले की आधी स्वयंपाकघरात येतात, झाकण काढतात, बोट बुडवतात.

‘मीठ कमी आहे रे,’ असं म्हणून ते बरणीकडे वळतात.

‘मामा, अजून अर्धा तास आहे जेवायला. पाणी सुटेल.’

‘चिमूटभराने काय होतंय?’

मामांची चिमूट म्हणजे पाच बोटांची. वडीलधाऱ्या माणसाचा हात धरता येत नाही, म्हणून मी बरणीच धरतो. त्यांचं पान मांडताना शेजारी मिठाची वेगळी वाटी ठेवतो आणि सांगतो, ‘तुमच्या वाटीत तुम्ही घाला, लागेल तेवढं.’ ते घालतात, आणि गप्पांच्या नादात रायतं तसंच ठेवतात. थोड्या वेळाने वाटीत चमचा फिरवून म्हणतात, ‘आज जरा पातळच झालंय नाही का?’