टीम बदलली म्हणून मी कृतघ्न?

ऑफिसात कुणी टीम बदलली आणि त्याला घडवणारे सर नाराज झाले, की बघणाऱ्यांचे दोनच निकाल ठरलेले असतात. एक म्हणजे "ज्यांनी शिकवलं त्यांनाच टांग मारली." नाहीतर मग "सरांचा इगो दुखावला, दुसरं काय." मी अशी टीम बदललेली बाई आहे. माझ्याबद्दल दोन्ही निकाल लागून झालेत, आणि मला दोन्ही आळशी वाटतात. राग कुठून येतो हे बघायचे कष्ट दोन्हीकडचे लोक घेत नाहीत.

आमचं काम रिकन्सिलिएशनचं. आपल्या सिस्टीममधल्या नोंदी आणि बँकेकडून आलेल्या फाइलमधल्या नोंदी जुळवायच्या, आणि जुळत नाहीत त्या का जुळत नाहीत ते शोधायचं. ऐकायला रटाळ आहे, करायला त्याहून रटाळ. मी आले तेव्हा फरक दिसला की पहिल्या ओळीपासून डोळे फोडत बसायचे. सरांनी शेजारी बसून वेगळी सवय लावली. आधी फरकाच्या आकड्याकडे बघ, म्हणाले. त्याला ९ ने भाग गेला तर कुणीतरी अंकांची अदलाबदल केलेली असू शकते. १८२० च्या जागी १२८० पडलं तर फरक ५४० येतो, आणि ५४० ला ९ ने पूर्ण भाग जातो. तसं नसेल तर फरकाचं निम्मं कर आणि त्या रकमेची नोंद शोध. जमेची रक्कम खर्चात पडली की फरक बरोब्बर दुप्पट दिसतो. ओळी दोन्हीकडे सारख्या असून बेरीज चुकत असेल तर हे बघायचं, ओळीच कमी असतील तर फाइल अर्धी आली का ते. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही नव्या टीममध्ये आकडा चुकला की माझा हात आपोआप ९ ने भागायला जातो.

म्हणजे सरांनी दिलं ते खरं आहे, आणि भरपूर आहे. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दिली होती, जी शिकवण्यापेक्षा वेगळी आहे आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता.

अप्रेझलमध्ये रेटिंग ठरतं ते बंद खोलीत. प्रत्येक टीमचा लीड आपापल्या माणसांची बाजू मांडतो, वरची रेटिंग्ज मोजकीच असतात, आणि कुणाला तरी मागे सारल्याशिवाय दुसऱ्याला पुढे नेता येत नाही. माझं प्रमोशन त्या खोलीत अडलं होतं. सरांनी ते "पुढच्या वर्षी हा सगळा भाग हीच सांभाळणार आहे" असं सांगून मिळवलं. त्यांच्या तोंडून नाही, पण खोलीत असलेल्या दुसऱ्या एकाकडून मला हे कळलं. आणि काही महिन्यांत मी दुसऱ्या टीममध्ये! त्या खोलीत पुढच्या वेळी ते कुणाची बाजू मांडतील तेव्हा समोरचा सहज म्हणू शकतो, "मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात." माझ्या जाण्याने त्यांच्या शब्दाची किंमत थोडी कमी झाली. याला इगो म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत बसून बघावं.

शिवाय रिकाम्या खुर्चीचा प्रश्न. माणूस राजीनामा देऊन गेला तर बदली माणूस मागता येतो, त्याची ठरलेली वाट असते. माणूस आतल्या आत दुसऱ्या टीमला गेला, तर आमच्याकडे ती जागा पुष्कळदा त्याच्याबरोबरच जाते. नवा माणूस हवा तर नव्याने मंजुरी. कामाच्या तारखा मात्र तशाच. माझ्या बाबतीत तर महिनाअखेरचं रन पूर्णपणे येणारी माणसं दोनच होती, मी आणि सर. म्हणजे मी गेल्यावर रात्री कोण बसणार, हे सांगायची गरज नव्हती.

आता मुद्द्याचं. हे सगळं मान्य करूनही मी त्यांना आधी विचारलं नाही, आणि आजही विचारणार नाही.

आमच्याकडे आतल्या जागांसाठी अर्ज केला की निवड होईपर्यंत लीडला कळवत नाहीत. निवड झाली की एचआरची मेल जाते. मला तोंडी होकार मिळाला त्याच दुपारी, मेल निघायच्या आत, मी सरांना गाठलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे ताकास तूर लागू दिली नाहीस. एकदा माझ्याशी बोलायचंस तरी. मी नाही म्हणालो असतो का?"

कदाचित नसतेही म्हणाले. पण प्रश्न तो नाहीच. जो माणूस तुमचा मार्गदर्शक आहे आणि तोच तुमचा लीडही आहे, त्याला "मी जाऊ का?" हा एकच प्रश्न विचारता येत नाही. बाकी सगळे विचारता येतात. अवघड क्लायंटशी कसं बोलू, हे काम माझ्या वाढीचं आहे का, या मॅनेजरशी कसं जुळवून घेऊ. त्या सगळ्यांत त्याचं आणि तुमचं हित एका बाजूला असतं. जाण्याच्या प्रश्नात मात्र तो सल्लागारही असतो आणि नुकसान होणारा पक्षही. मनाने कितीही चांगला असला तरी. त्याला तो प्रश्न विचारणं म्हणजे त्यालाच पेचात टाकणं आहे. "जा" म्हणाला तर टीम उघडी पडते, "थांब" म्हणाला तर तो सल्ला की सोय, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. सल्ल्यासाठी मी दुसऱ्या विभागातल्या एका मॅडमकडे गेले होते, ज्यांचं माझ्या असण्या-नसण्यात काहीच अडकलेलं नव्हतं.

सरांना हे सांगून बघितलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. उलट मॅडमना आधी माहीत होतं, हेच जास्त लागलं. (तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं असं काहीजण म्हणतील. पण ते उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.)

पुढे काय झालं ते मात्र शिकण्यासारखं आहे, कारण नातं आंबलं की ते भांडणातून कळत नाही, कागदपत्रांतून कळतं. पूर्वी दोन ओळींच्या चॅटवर मिटणाऱ्या गोष्टी मेलवर येऊ लागल्या, आणि मेलच्या सीसीमध्ये त्यांचे मॅनेजर. हँडओव्हरची शीट मी एका पानात बनवली होती. तिच्यात रोज नव्या ओळी दिसू लागल्या. काही रास्त होत्या. काही अशा कामांच्या, जी मी कधी केलीच नव्हती. एका ओळीवर मी "पूर्ण" लिहिलं, तर बाजूला त्यांची कमेंट: "कोणाच्या मते?" मीटिंगमध्ये माझा उल्लेख "त्या टीमच्या मॅडम" असा. सगळे हसले, मीही हसले.

आणि जुन्या टीममधून मला मोकळं करायची तारीख, म्हणजे रिलीज डेट, सरकली. एकदा, मग पुन्हा.

इथे मला वाटतं बहुतेक लोक गडबडतात. तारीख सरकली की आपण थेट "मला अडवून ठेवताय" वर येतो. मी शांतपणे शीट घेऊन बसले तेव्हा दिसलं की त्यांच्या हट्टामागे एक खरी अडचण होती. महिनाअखेरचं काम महिन्यातून एकदाच येतं. ते शिकवायचं तर पहिल्या महिन्यात मी करणार आणि नवा मुलगा बघणार, दुसऱ्या महिन्यात तो करणार आणि मी बघणार. शॅडो आणि रिव्हर्स शॅडो. याला दोन महिनाअखेरी लागतातच, आणि आमच्याकडे रिलीजची मुदत महिनाभराची. हे गणित मुळातच बसत नाही, मग त्यात राग असो वा नसो. रोज होणाऱ्या कामाचा हँडओव्हर दोन आठवड्यांत उरकतो, महिन्याचा नाही.

म्हणून मी दोन्ही मॅनेजरना एकत्र बसवलं आणि स्वतः बाजूला झाले. तारीख त्यांनी आपापसांत ठरवली. मी एवढंच पुढे ठेवलं की ठरल्या दिवशी मी जाईन, पण दुसऱ्या महिनाअखेरीचे दोन दिवस परत येऊन मुलाच्या शेजारी बसेन, आणि त्यानंतर त्या कामाचे प्रश्न माझ्याकडे येणार नाहीत. हे मेलवर लिहून घेतलं. "लागेल तेव्हा मदत करीन" असं मोघम बोलले असते तर वर्षभर अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहिले असते, आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली असती.

त्या दोन दिवसांत सर माझ्याशी कामापुरतंच बोलले. एके ठिकाणी फरक आला. मुलगा वरून खाली ओळी बघत सुटला, तेव्हा मी आणि सर एकदमच म्हणालो, "९ ने भाग." त्यावर दोघांपैकी कुणीच हसलं नाही. असो.

कॅथी क्रॅम नावाच्या संशोधिकेने १९८३ मध्ये मार्गदर्शक आणि शिष्यांच्या १८ जोड्यांचा अभ्यास करून या नात्याच्या चार अवस्था मांडल्या होत्या: सुरुवात, बहर, दुरावा आणि नव्याने मांडणी. दुरावा तिने बिघाड म्हणून नाही, नात्याचा टप्पा म्हणूनच धरला, आणि त्याला ६ महिने ते २ वर्षं लागतात असं नोंदवलं. चौथ्या टप्प्यात बहुधा बरोबरीची मैत्री होते, पण काही जोड्यांत कडवटपणाही उरतो. मला हे वाचून दिलासा वगैरे मिळाला नाही. पण रोज सकाळी चॅट उघडून "आज बोलतील का" हे बघणं मी थांबवलं.

राहता राहिलं अप्रेझल. वर्षाचा मोठा भाग मी सरांकडे होते आणि रेटिंग देणार नवीन मॅनेजर, ज्यांनी माझं ते काम पाहिलेलंच नाही. अशा वेळी जुन्या लीडचा अभिप्राय मागवतात. तुमच्यावर ही वेळ येणार असेल तर तो अभिप्राय रिलीज व्हायच्या आधीच सिस्टीममध्ये भरून मागा, आणि सोबत त्या काळात तुमच्याबरोबर काम केलेल्या आणखी दोघांची नावं द्या. मी दोघांची नावं दिली, आणि सरांचंही दिलं. नवीन मॅनेजरनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, ते काम त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सरांनी तीन वाक्यं लिहिली. पहिल्या दोनांत कामाचं कौतुक होतं, हात आखडता न घेता केलेलं. तिसरं असं: "बदलीची कल्पना वेळेत दिली असती तर नियोजन सोपे झाले असते." खाली कर्मचाऱ्याच्या प्रतिसादासाठी रकाना असतो. त्यात मी पहिल्या दोन वाक्यांसाठी आभार मानले, आणि तिसऱ्यापुढे मला होकार कधी मिळाला, मी सरांना कधी सांगितलं आणि एचआरची मेल कधी गेली, ते क्रमाने लिहून फॉर्म सबमिट केला.